पहिल्याच मेसेजमधला शब्द ऑटोकरेक्टने बदललाय का, हे कसं ओळखायचं

अनोळखी नंबरवरून आलेला पहिला मेसेज बहुतेक वेळा चार-पाच शब्दांचा असतो. मागे काही बोलणं झालेलं नसतं, पुढे काय येणार हेही माहीत नसतं. नेमक्या अशाच मेसेजमधला महत्त्वाचा शब्द कीबोर्डने बदलून टाकला की उत्तर देणारा माणूस भलत्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा होतो. समोरच्याला वाटतं, यांनी माझं नीट वाचलंच नाही, आणि तो पुन्हा विचारतही नाही. छंदवर्गांच्या चौकशीचे मेसेज मी रोज पाहते आणि ही अडचण सतत येते. ओळखीच्या माणसाच्या मेसेजमध्ये असा शब्द आला तर आपण सहज सावरून घेतो, म्हणून इथे फक्त पहिल्या, छोट्या मेसेजबद्दल लिहिते आहे.

लक्षणं

सगळ्यात भरवशाचं लक्षण म्हणजे शब्दाचं स्पेलिंग अगदी बरोबर असतं, पण त्याचा बाकीच्या वाक्याशी काही मेळ बसत नाही. `ahe` ऐवजी `aeh` किंवा `ahr` आलं असेल तर ती बोटाची चूक, कीबोर्डने त्यात हात घातलेला नाही. पण `age` आलं असेल तर संशय घ्यायला जागा आहे, कारण कीबोर्ड स्वतः घालतो तो शब्द त्याच्या शब्दकोशातलाच असतो.

दुसरं लक्षण, सगळा मेसेज रोमन लिपीतल्या मराठीत आणि मध्येच एक अस्सल इंग्रजी शब्द, तोही आपण बोलताना वापरणार नाही असा. `udya kaam boil ka` हे त्याचं सरळ उदाहरण. काम ‘बॉइल’ होत नाही, ‘होईल’. तिसरं, वाक्याच्या मध्येच मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द, किंवा `he'll`, `I'll` यांसारखा वरच्या स्वल्पविरामाचा शब्द. आणि देवनागरी मेसेजमध्ये दिसणारं लक्षण म्हणजे उच्चाराने जवळचा पण अर्थाने लांबचा शब्द: ‘वेळ’च्या जागी ‘वेल’, ‘मला’च्या जागी ‘माला’.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जातात आणि पहिल्या दोन-तीनमध्येच बहुतेक मेसेज सुटतात.

आधी चॅट उघडा आणि जरा थांबा

सूचनेच्या पट्टीवर वाचून उत्तर देऊ नका. चॅट उघडली की कधीकधी खालीच दुसरा एकशब्दी मेसेज दिसतो, `*ahe` असा. चूक लक्षात आल्यावर बरेच जण तारा लावून योग्य शब्द पाठवतात. काही जण मूळ मेसेजच बदलतात. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत तसं करता येतं आणि बदललेल्या मेसेजवर तशी खूण दिसते. म्हणून घाईचं काम नसेल तर दोन मिनिटं थांबणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. तोच विचित्र शब्द त्या माणसाने दोनदा लिहिला, म्हणजे त्याला तोच म्हणायचा होता असं नाही. बोट दर वेळी वेगळीकडे घसरतं, पण कीबोर्ड त्याच अक्षरांचा बहुधा तोच शब्द करतो. त्यामुळे पुन्हा आलेला शब्द हा ऑटोकरेक्ट नसल्याचा पुरावा धरू नका.

मोठं अक्षर कुठे आहे ते बघा

वाक्याचं पहिलं अक्षर कीबोर्ड आपोआप मोठं करतो, ते सोडून द्या. मध्येच मोठं अक्षर आलं तर विचार करा. रोमन मराठी लिहिताना आपण मधे मोठी अक्षरं टाकायच्या फंदात सहसा पडत नाही. मग तो शब्द मोठा कशाने झाला? बहुधा कीबोर्डला त्या अक्षरांच्या जवळचं एखादं नाव सापडलं म्हणून.

`file Ali ka` असा मेसेज आला तर वाचणारा अली नावाच्या माणसाचा विचार करू लागतो. पण फाइल अलीची आहे का, असं विचारायचं असतं तर `Ali chi` लिहिलं असतं. `aali` मधला एक `a` काढला की `Ali` उरतो, आणि ‘फाइल आली का’ हा साधा प्रश्न समोर येतो. इथे मोठ्या `A` ने संशय दिला आणि गायब असलेल्या ‘ची’ने तो पक्का केला.

नाव घुसवण्याची ही खोड जुनी आहे. संगणकावरच्या जुन्या शब्दतपासणीच्या यादीत `co-operation` हा जोडरेघेचा शब्द होता, बिनरेघेचा `cooperation` नव्हता. त्यामुळे ‘सहकार्य’च्या जागी `Cupertino` हे कॅलिफोर्नियातल्या एका शहराचं नाव सुचवलं जायचं, आणि ते युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत कागदपत्रांतही शिरलं. लिहिणाऱ्याने शब्द बरोबरच लिहिला होता, पण यंत्राच्या यादीत तो नव्हता. रोमन लिपीतल्या मराठीचं रोज हेच होतं. `ahe`, `hoil`, `aali`, `yeil` हे शब्द इंग्रजी शब्दकोशात नाहीत, म्हणून बोट अजिबात न चुकतासुद्धा ते बदलले जाऊ शकतात.

शब्द झाका आणि वाक्य वाचा

संशयित शब्दावर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. त्या जागी कसला शब्द हवा आहे? मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येतं आणि प्रश्नात त्याच्यापाठोपाठ ‘का’ येतो. म्हणून ‘का’च्या अगदी आधी किंवा मेसेजच्या शेवटी एखादं इंग्रजी नाम अडकलं असेल, तर तिथे आधी क्रियापद होतं का ते बघा. आहे, नाही, होईल, येईल, आली, मिळेल एवढे शब्द घालून पाहिले तरी बरंच काम होतं, कारण चौकशीच्या मेसेजमधली क्रियापदं फार थोडी असतात.

या तपासणीला मर्यादा आहे. छोट्या मेसेजमध्ये आपण क्रियापद गाळतोही. `fee kiti` हे पूर्ण आणि बरोबर वाक्य आहे, त्याच्या शेवटी काही हरवलेलं नाही. म्हणून शेवटच्या जागेबरोबर विभक्तीचे प्रत्ययही पाहा. ‘-ला’, ‘-ची’, ‘-साठी’ हे प्रत्यय कीबोर्डच्या तावडीतून सुटले असतील तर ते शेजारच्या शब्दाबद्दल पुष्कळ सांगतात. खाली एक मेसेज सोडवून दाखवते, त्यात निकाल प्रत्ययानेच लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. `pustak hay ka` असा मेसेज आला तर `hay` हा इंग्रजी शब्द आहे म्हणून त्याला चूक ठरवू नका. ‘हाय का’ असं बोलणारी लाखो माणसं आहेत, तो त्यांचा ‘आहे का’ आहे. बोलीतला शब्द ऑटोकरेक्टच्या नावावर टाकण्याआधी मेसेज मोठ्याने वाचा. कानाला तो नीट लागला तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आता कीबोर्डवर बोट ठेवा

इथपर्यंत शब्द सुटला नाही तर शेजारची अक्षरं तपासायची. १९६४ मध्ये फ्रेड डॅमेराउ यांनी स्पेलिंगच्या चुका ओळखण्याची एक पद्धत मांडली. त्यांना आढळलं की ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच घसरणीच्या असतात: एक अक्षर बदललेलं, एक गळलेलं, एक जास्त पडलेलं किंवा लागून असलेली दोन अक्षरं उलटसुलट. कीबोर्ड शब्द शोधतो तेव्हा तोही आधी इतक्याच अंतरावर शोधतो. म्हणून उलट दिशेने जाताना आपणही आधी एका घसरणीच्या आतच शोधायचं.

पद्धत अशी. दिसणाऱ्या शब्दातलं एकेक अक्षर घ्या आणि त्याच्या जागी कीबोर्डवरचं शेजारचं अक्षर ठेवून बघा. `boil` मध्ये `b` च्या वर `g` आणि `h` आहेत. `h` ठेवला की `hoil`. `i`, `o`, `u` ही वरच्या ओळीत शेजारी आहेत, तर `m` आणि `n` खालच्या ओळीत. खालच्या ओळीतली `c v b n m` ही अक्षरं स्पेसबारला लागून आहेत, त्यामुळे दोन शब्द चिकटून त्यांचा एक भलताच शब्द झाला असेल तर यातलं अक्षर काढून तिथे रिकामी जागा ठेवून पाहा.

एका घसरणीत काही सापडलं नाही तर दोन घसरणींपर्यंत जा. आधी बोट चुकतं आणि त्यावर कीबोर्ड आणखी एक बदल करतो, असं दुहेरी अंतर पडू शकतं. त्यापलीकडे मात्र शोधू नका. छोट्या शब्दात तीन अक्षरं बदलायला लागलो तर कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाचा होतो आणि आपण आपल्या मनातलं उत्तर त्या माणसाच्या तोंडी घालतो.

अक्षरांवरून बोट ओढून लिहिणाऱ्यांची चूक वेगळी असते. तिथे शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर बहुधा शाबूत राहतं आणि मधला स्वर बदलतो, कारण बोटाची वाट जवळजवळ तीच असते.

मेसेज देवनागरीत असेल तर

पुष्कळ जण रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी शब्द निवडतात. `vel` टाइप केलं की ‘वेल’ आणि ‘वेळ’ दोन्ही शक्य असतात, आणि यादीतला पहिला शब्द आपोआप बसतो. इथे शेजारची अक्षरं शोधण्यात अर्थ नाही. आलेला शब्द परत रोमन अक्षरांत लिहा आणि त्याच अक्षरांतून आणखी काय वाचता येतं ते बघा. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड या जोड्या रोमनमध्ये एकाच अक्षरावर येतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि अ-आ यांचंही तसंच. ‘माला फॉर्म पाठवा’ या मेसेजमधली माला परत `mala` केली की ‘मला’ निघतो. ‘पान नंतर चालेल का’ यातलं पान परत `pan` केलं की ‘पण’ मिळतो.

बोलून लिहिलेल्या मेसेजलाही हीच रीत लागू पडते, फक्त तिथे अक्षरांऐवजी ध्वनी जवळचे असतात. मोठ्याने, घाईघाईत वाचून पाहिलं की बरेचदा मूळ शब्द कानावर येतो.

एक मेसेज सोडवून पाहू

`Namaskar mulisathi drawing class kitila age`

पहिल्या वाचनात बहुतेकांना हा प्रश्न वयाचा वाटतो. मुलीसाठी विचारलंय, क्लासबद्दल आहे, ‘किती’ आहे, ‘एज’ आहे. किती वर्षांच्या मुली चालतात असंच असणार, असं म्हणून लोक उत्तर देतात. आणि यातला `age` मराठी बोलण्यात सर्रास येणारा शब्द असल्यामुळे विचित्रही वाटत नाही. `boil` लगेच खटकतो, हा खटकत नाही, म्हणून जास्त त्रास देतो.

आता तपासण्या लावू. खाली तारा लावलेला मेसेज नाही. मोठं अक्षर फक्त सुरुवातीला आहे, त्यातून काही कळत नाही. मग `age` वर अंगठा ठेवू: ‘मुलीसाठी ड्रॉइंग क्लास कितीला…’ इथे ‘किती’ नाही, ‘कितीला’ आहे. वय विचारताना आपण ‘एज किती’ म्हणतो किंवा ‘किती एजसाठी’ म्हणतो. ‘कितीला एज’ कुणी म्हणत नाही. ‘कितीला’नंतर क्रियापद हवं.

अक्षरं तपासू. `g` च्या शेजारी `f`, `h`, `t`, `y`, `v`, `b` आहेत. ती एकेक ठेवली तर `afe`, `ahe`, `ate`, `aye`, `ave`, `abe` मिळतात. यातला ‘कितीला’नंतर चालणारा मराठी शब्द एकच, `ahe`. पहिल्या `a` च्या जागी `s` किंवा शेवटच्या `e` च्या जागी `r` ठेवून काही हाती लागत नाही. एकाच घसरणीत, एकच उमेदवार, आणि तो व्याकरणातही बसतो. इतकं जुळलं की मी तो शब्द खात्रीचा धरते: ‘ड्रॉइंग क्लास कितीला आहे?’

तरी काम संपलेलं नाही. ‘कितीला आहे’ म्हणजे किती वाजता, की किती पैशांना? क्लासच्या बाबतीत वेळ विचारली असण्याची शक्यता जास्त, कारण ‘क्लास सातला आहे’ असंच आपण बोलतो. पण फीही असू शकते. शब्द परत मिळाला म्हणजे प्रश्न परत मिळाला असं होत नाही, ही पायरी विसरू नका. अशा वेळी उत्तरातच वेळ आणि फी दोन्ही सांगायच्या, आणि वयाचीही एक ओळ घालायची. तीन छोट्या ओळी होतात आणि कुठल्याही अर्थाने विचारलं असलं तरी उत्तर पोचतं.

स्वतःच्या फोनवर करून बघायचं असेल तर

संशयित मूळ शब्द टाइप करून आपला कीबोर्ड त्याचं काय करतो हे पाहता येतं, पण निकाल जपून घ्या. तुम्ही रोज रोमन मराठी लिहीत असाल तर तुमचा कीबोर्ड `ahe` कधीच शिकून बसला आहे. तो बदलणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की समोरच्याचाही बदलला नसेल. फक्त इंग्रजी लिहिणाऱ्या कुणाचा फोन मिळाला तर त्यावर करून बघा. तिथे शब्द बदलला तर अंदाजाला बळ मिळतं. नाही बदलला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक कीबोर्डची भाषा, आवृत्ती आणि शिकलेले शब्द वेगळे असतात. म्हणूनच ही तपासणी मी शेवटी ठेवते.

विचारायचं कसं

दोन उमेदवार बरोबरीचे उरले की अंदाज थांबवा आणि विचारा. फक्त ‘काय?’ किंवा प्रश्नचिन्ह पाठवू नका, त्याने समोरचा गोंधळतो आणि तोच मेसेज पुन्हा पाठवतो, तोही त्याच कीबोर्डवरून. दोन्ही अर्थ लिहून द्या: ‘नमस्कार, तुम्ही क्लासची वेळ विचारताय की फी?’ त्याला एका शब्दात उत्तर देता येतं. त्याच्या चुकलेल्या शब्दाचा उल्लेख करायची गरज नाही, पहिल्याच बोलण्यात कुणाचं लिखाण दुरुस्त केलेलं आवडत नाही. तुमच्या प्रश्नातले शब्द देवनागरीत असले तर तुमचाच कीबोर्ड त्यांचं इंग्रजी करून टाकण्याची भीतीही राहत नाही.

एकाच माणसाकडून पुढेही तोच बदललेला शब्द येत राहिला तर ओळख झाल्यावर त्याला उपाय सांगा. अनेक कीबोर्डमध्ये शब्द बदलल्याबरोबर लगेच बॅकस्पेस दाबला की आपला मूळ शब्द परत येतो. वरच्या पट्टीत दिसणाऱ्या आपल्या शब्दावर टॅप केलं तरी तो तसाच राहतो, आणि असं काही वेळा केलं की कीबोर्ड तो शिकतो. याहून चांगला उपाय म्हणजे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडणं.

कुठे थांबायचं

औषधाचं नाव, मात्रा, खाते क्रमांक, रक्कम किंवा कायदेशीर मुदत यांतला शब्द संशयित असेल तर वरची एकही पद्धत वापरू नका. इथे ‘जवळचा शब्द’ शोधणं धोक्याचं आहे. `hydroxyzine` आणि `hydralazine` ही दोन औषधं नावाने इतकी जवळची आहेत की त्यांची गल्लत होण्याचा धोका औषधक्षेत्रात सर्वांना माहीत आहे. पहिलं ॲलर्जीच्या खाजेसाठी देतात, दुसरं रक्तदाब कमी करतं. मेसेजमधल्या नावावरून यातलं कुठलं ते ठरवणं हे तुमचं-माझं काम नाही. त्या माणसाला चिठ्ठीचा किंवा पाकिटाचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे जायला सांगा. रकमेचं किंवा खात्याचं असेल तर फोन करून आकडे एकेक करून बोलून घ्या. मुदतीचं असेल तर कागद वकिलाला दाखवू द्या.

कुणी संकटात असल्यासारखा शब्द आला आणि तो ऑटोकरेक्टचा असेल असं वाटलं, तरी तो खरा धरून लगेच फोन करा. फोन लागला नाही आणि धोका खरा वाटला तर पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला कळवा. चुकीचा निघाला तर एका फोनचाच त्रास झालेला असेल.

आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजमध्ये भलतंच नाव असेल, तुम्ही चूक सांगितल्यावरही तो माणूस गप्पा चालू ठेवू पाहत असेल किंवा एखादी लिंक पाठवत असेल, तर शब्दाचा शोध सोडून द्या. चुकून आल्यासारखा दिसणारा पहिला मेसेज ही फसवणुकीची नेहमीची सुरुवात आहे. लिंक उघडू नका, उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा.